सेडान की छोटी एसयूव्ही : डिकी सामानाने मोजावी

माहितीपत्रकात सेडानच्या डिकीपुढे 420 लिटर आणि छोट्या एसयूव्हीपुढे 330 लिटर लिहिलेले दिसले, की निवड सोपी वाटते. मात्र हा आकडा बहुधा 20 × 10 × 5 सेंटिमीटरचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे कानाकोपऱ्यांत रचून काढलेला असतो, आणि बाबागाडीचे असे तुकडे करता येत नाहीत. म्हणून सोलापुरातील शोरूममध्ये जाताना घडीची बाबागाडी, मोठी सुटकेस आणि चादरींचा एखादा गठ्ठा सोबत न्यावा.

सेडानमध्ये सुटकेस आडवी, खोलवर सरकते. परंतु डिकीचे तोंड बुटके असल्याने बाबागाडीची चाके काठाला अडू शकतात, आणि अनेक सेडानमध्ये झाकणाचे वाकडे बिजागर आत उतरून सामानावर टेकतात, जे झाकण पूर्ण लावल्याशिवाय कळतच नाही. एसयूव्हीत तीच बाबागाडी उभी राहते. सुटकेससाठी मात्र मागचा आडवा ट्रे काढावा लागला, तर सामान काचेपर्यंत चढते आणि आरशातून मागचे दिसत नाही. चादरींची चिंता नको, त्या दोन्हीकडे फटींत बसतात. बाबागाडी रोजची असेल, तर मी कमी लिटरची एसयूव्हीच घेईन.