बेअरिंगचं बोअर सीएमएमवर मोजताना: चार टच, सात टच की स्कॅनिंग?

साकीनाका-अंधेरीच्या गाळ्यांतून तपासणीला येणारी बरीच बोअर, म्हणजे गोल भोकं, सीएमएम या मोजमाप यंत्राच्या प्रोबने चार जागी स्पर्श करून, म्हणजे चार टचवरच पास होतात. बोल्टच्या मोकळ्या भोकाला तेवढं पुरतं. बेअरिंग किंवा बुश बसणार असेल, तर मात्र चार टचवर विसंबू नका.

एक उदाहरण घ्या. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, बोअर ४० एच७, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिमी. तीन जॉच्या चकमध्ये जास्त आवळून बोअर केलं, की जॉब सुटल्यावर ते तीन ठिकाणी फुगलेलं आणि तीन ठिकाणी दबलेलं निघतं. समजा सरासरी व्यास ४०.००६ आणि राउंडनेसची, म्हणजे गोलाईची, चूक ८ मायक्रॉन. ९० अंशांवर चार टच घेतले, तर चारही बिंदू एकाच वर्तुळावर चपखल बसतात. रिपोर्टमध्ये व्यास ४०.००६ आणि राउंडनेस शून्य. सगळी चूक केंद्राच्या जागेत शिरते, केंद्र ४ मायक्रॉन सरकलेलं दिसतं. आणि ४०.००० चा गो गेज, म्हणजे चांगल्या बोअरमध्ये जायलाच हवा असा दंडगोल, आत जात नाही, कारण दबलेल्या तिन्ही जागांना आतून टेकणारं वर्तुळ ३९.९९८ चंच आहे.

सात समान अंतरांवर टच घेतले, तर याच बोअरचा राउंडनेस साडेसात मायक्रॉनच्या पुढे दिसतो. तीन टच जास्त, वेळ काही सेकंदांचा. चार किंवा आठ टचच्या सवयीपेक्षा ही सवय मला कितीतरी मोलाची वाटते. दोन-तीन खोलींवर घ्या, टेपरही कळतो.

स्कॅनिंगमध्ये शेकडो बिंदू मिळतात, म्हणून आतून टेकणाऱ्या वर्तुळाचा व्यास खरा विश्वासाचा तिथेच मिळतो. पण आत राहिलेला एक चिपचा कणही ते वर्तुळ लहान करतो, तेव्हा आधी बोअर नीट पुसा.

अजून एक फसवणूक आहे. साध्या टच-ट्रिगर प्रोबला आतून तीन टेकू असतात, त्यामुळे दिशेनुसार तो स्वतःच तीन फुगवटे दाखवू शकतो. जॉब ६० अंश फिरवून पुन्हा मोजा. फुगवटे जॉबबरोबर फिरले तर दोष बोअरचा, जागीच राहिले तर प्रोबचा.

मोजमापाची अनिश्चितता काढताना मशीनच्या कागदावरचा आकडा थेट उचलू नका. त्याच मापाची रिंग गेज, म्हणजे प्रमाणित व्यासाची कडी, त्याच प्रोबने वारंवार मोजा, तिच्या सर्टिफिकेटमधली अनिश्चितता मिळवा, तापमान धरा. मुंबईत हे तापमानच जास्त नडतं. ३० अंशांच्या गाळ्यातून २० अंशांच्या खोलीत जॉब लगेच मोजला, तर ४० मिमी ॲल्युमिनियम ९ मायक्रॉन मोठं दिसतं. निवायला वेळ द्या. मग एकूण अनिश्चितता ३ मायक्रॉन निघाली, तर दोन्ही टोकांना तेवढं आत येऊन पुरवठादाराने ४०.००३ ते ४०.०२२ मध्येच पास म्हणायचं.