पोलो टी-शर्ट ठरवताना: सुती मॅटी की पीसी, विणलेली कॉलर की कापडाची?

नाशिकजवळच्या एका रोपवाटिकेच्या मालकांनी गेल्या वर्षी दोन नमुने माझ्या टेबलावर ठेवले. 36 माणसांसाठी कॉलरचे टी-शर्ट हवे होते. दोन्ही 220 जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला 220 ग्रॅम वजनाच्या कापडाचे, दोन्ही बाटली-हिरव्या रंगाचे, दिसायला सख्खे भाऊ. एक शंभर टक्के सुती, दुसरा पीसी, म्हणजे पॉलिएस्टर आणि कापसाच्या मिश्र सुताचा. त्यांचा प्रश्न सरळ होता: "आधीच्या टी-शर्टांच्या कॉलरी दोन महिन्यांत वाकड्या झाल्या. यातलं कुठलं घेऊ?" मी गणवेशाचं काम करतो आणि हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो.

उत्तर जीएसएममध्ये नसतं. पोलो टी-शर्टमध्ये दोन वेगवेगळी विणकामं एकमेकांना शिवलेली असतात, अंगाचं एक आणि कॉलरचं एक. धुतल्यावर ती दोन्ही सारखी आटतात की नाही, यावर कॉलरचं सगळं भवितव्य ठरतं.

आधी अंगाचं कापड बघू. तिरुपूरकडे याला मॅटी म्हणतात, कुणी पीके म्हणतं, कुणी हनीकोंब. गिरणीत याच कुटुंबातल्या एका विणीला लॅकोस्टही म्हणतात. ते नाव फ्रेंच टेनिसपटू रने लाकॉस्त याचं. 1933 मध्ये त्याने होजिअरी कारखानदार आंद्रे जिलिए याच्यासोबत असे शर्ट बाजारात आणले.

घरी स्वेटर विणलेल्या कुणालाही ही वीण पटकन समजेल. एका बाजूला सगळे सुलट टाके घातले की पट्टी कडेने गुंडाळते, हा अनुभव प्रत्येकीचा आहे. साध्या गोल गळ्याच्या टी-शर्टचं कापड, म्हणजे सिंगल जर्सी, तसंच असतं. दोऱ्याला वाकवून फास केलेला असतो, तो सरळ व्हायला बघतो, आणि सगळे फास एकाच बाजूला तोंड करून असल्यामुळे कड वळते. मॅटीमध्ये मशीन ठराविक सुयांवर एक वेगळी गोष्ट करतं. सुई नवा दोरा घेते, पण जुना टाका सोडत नाही. दोन्ही सुईवरच राहतात आणि पुढच्या ओळीत एकत्र विणले जातात. याला टक टाका म्हणतात. धरून ठेवलेला जुना टाका उभा ताणला जातो, आणि टकचा दोरा शेजारच्या टाक्यांना आडवा ढकलतो. शेजारच्या सुईवर हेच पुढच्या ओळींत होतं, त्यामुळे मधमाशीच्या पोळ्यासारख्या खळ्या पडतात. या खळ्या खरं तर विणीच्या उलट बाजूला जास्त उठून दिसतात, म्हणून मॅटी बहुतेक वेळा उलट बाजू वर घेऊन शिवली जाते.

आकार टिकण्याचं कारणही त्याच टाक्यात आहे. उभा टाका आधीच ताणलेला असल्यामुळे कापड लांबीत जास्त ओढलं जात नाही. कडही जर्सीइतकी वळत नाही, कारण टकमुळे फासांचा एकतर्फी जोर मोडतो. पण कापसाचं सूत रबरासारखं परत येत नाही. गिरणीत ओलं कापड लांबीत ओढलं जातं आणि त्याच अवस्थेत वाळतं. घरी पाण्यात टाकल्यावर कापूस फुगतो, फास मोकळे होतात आणि आपल्या मूळच्या आरामाच्या जागी जातात. टी-शर्ट आखूड होतो आणि त्या मानाने रुंदी कमी होत नाही, म्हणून तो डब्यासारखा दिसायला लागतो. गिरणीने कॉम्पॅक्टिंग केलं असेल, म्हणजे कापड लांबीत मुद्दाम दाबून आधीच आटवून घेतलं असेल, तर हा धक्का बराच कमी होतो. पीसीमध्ये पॉलिएस्टरला उष्णतेने आकार पक्का करता येतो, त्यामुळे ते मुळात कमी आटतं.

जीएसएमवर भिस्त का ठेवू नये, तेही इथेच सांगतो. 220 जीएसएम जाड सुताच्या सैल विणीतूनही निघतं आणि बारीक सुताच्या घट्ट विणीतूनही. वजन सारखं, पण सैल विणीतल्या फासांना सरकायला जागा जास्त. कापड उजेडासमोर धरा आणि आडवं हलकं ताणा. खळ्यांमधून उजेडाची जाळी दिसली तर वजन कितीही असो, ते कापड सैल आहे.

आता कॉलर. विणलेली कॉलर सपाट विणकाम मशीनवर, म्हणजे फ्लॅट निटवर, एक सुलट एक उलट अशी तयार पट्टी म्हणून विणतात. स्वेटरची बॉर्डर जशी असते तशीच, या विणीला रिब म्हणतात. दोन्ही बाजूंना फास सारखे असल्यामुळे ती स्वतःहून वळत नाही. मात्र बॉर्डरसारखीच ती आडवी खूप ताणली जाते, आणि कॉलरमध्ये ही आडवी दिशा म्हणजे मानेभोवती जाणारी लांबी. सगळ्या तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

कॉलर दुमडल्यावर तिची बाहेरची कड खांद्यावर पसरते, म्हणजे मानेच्या शिवणीपेक्षा मोठ्या घेरावर बसते. बाहेरची कड गरजेपेक्षा लांब झाली तर उरलेली लांबी लाटांसारखी उभी राहते. ती आटून आखूड झाली तर घेर पुरत नाही, कड वर ओढली जाते आणि टोकं आकाशाकडे वळतात. लाटा आणि वळलेली टोकं लोक एकच बिघाड समजतात, पण ते दोन उलट बिघाड आहेत आणि त्यांचे उपायही उलट आहेत.

त्या दोन नमुन्यांवर मी नेहमीची परीक्षा केली. अंगावर पेनाने 20 सेंटिमीटरचा चौकोन आखला. मानेची शिवण आणि कॉलरची बाहेरची कड मोजली, दोन्ही नमुन्यांत दोन्ही 41 सेंटिमीटर. मग माणसं घरी धुतात तसंच पाच वेळा धुतलं, दोरीवर वाळवलं आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे दिलं.

सुती नमुन्याचा चौकोन लांबीत 18.9 वर आला, म्हणजे साडेपाच टक्के आटला. 71 सेंटिमीटरच्या टी-शर्टमध्ये हे जवळजवळ चार सेंटिमीटर होतात, घालणाऱ्या माणसाला लगेच जाणवणारे. मानेची शिवण 40.2 झाली, पण बाहेरची कड 42.6 झाली होती. जवळजवळ अडीच सेंटिमीटर जास्तीची कड, म्हणून लाटा. कॉलर सैल विणलेली होती, ओल्या कपड्याच्या वजनाने ती दोरीवर ओढली गेली. उरलेलं काम इस्त्रीने केलं. मी उभा राहून पाहिलं: कॉलरची दोन टोकं चिमटीत धरून ताणायची आणि वाफेची इस्त्री फिरवायची. ताणलेल्या अवस्थेत वाफ दिली की रिब तशीच बसते.

पीसी नमुन्याचा चौकोन 19.6 वर थांबला, म्हणजे फक्त दोन टक्के. अंग उत्तम होतं, पण कॉलर चुकीची होती. पीसी अंगाला सुती कॉलर लावली होती आणि कडेला पांढरी टिपिंगची रेघ वेगळ्या सुताची. शिवण 40.6 राहिली, कड 39.4 वर आटली आणि दोन्ही टोकं वर वळली. टिपिंगची रेघ उरलेल्या कॉलरपेक्षा जास्त आटते तेव्हा ती कडेला ओढदोरीसारखं काम करते.

म्हणजे "सुती घेऊ की पीसी" या प्रश्नाला हे दोन्ही नमुने जसे होते तसे उत्तर नव्हते.

तिसरा पर्याय असतो कापडाच्याच कॉलरचा. शर्टासारखी, आत फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर घालून, खाली पट्टी लावून शिवलेली. तिला रिबचा ताण नाही, त्यामुळे लाटा जवळजवळ येत नाहीत, आणि ती काउंटरवर बसणाऱ्या माणसाला फार रुबाबदार दिसते. पण शिलाई वाढते, मॅटीच्या जाडीमुळे कडा फुगीर होतात, मानेला ती ताठ लागते. फ्यूजिंग हलकं असेल तर धुण्यात सुटतं आणि कॉलरवर फोड येतात. दिवसभर वाकून कुंड्या उचलणाऱ्याला मी ती देणार नाही.

अंगाच्या बाबतीत माझा कल कामावरून ठरतो. उन्हात घाम गाळणाऱ्याला सुती, कारण पीसी घाम तितका टिपत नाही. शिवाय पीसीवर घासून गोळे येतात, आणि पॉलिएस्टरचे तंतू चिवट असल्यामुळे ते गळून न पडता तिथेच चिकटून राहतात. पिशवी खांद्याला लावणाऱ्याच्या टी-शर्टवर हे आधी दिसतं. रोज धुऊन, इस्त्री न करता घालायचे असतील आणि काम सावलीतलं असेल, तर पीसी जास्त दिवस नीट दिसतं. फक्त कॉलरही पीसीचीच मागा.

रोपवाटिकेसाठी आम्ही 30 सुती घेतले, कॉम्पॅक्टिंग केलेल्या कापडाचे. कॉलर त्याच जातीच्या सुती धाग्याची, घट्ट विणीची, थोडं लायक्रा घातलेली, टिपिंग नाही. कॉलर चिमटीत ताणून सोडली की ती तिथल्या तिथे परत आली पाहिजे, ही अट मी लेखी घातली. दुसरी अट प्रत्येक साइजला वेगळ्या लांबीच्या कॉलरची. काही ठिकाणी एम आणि एलला एकच कॉलर लावतात आणि शिवताना ताणून पुरवतात. तो ताण शिवणीत कायमचा अडकतो, मग टोकं वळणारच. नव्या नमुन्याचा चौकोन 19.3 वर आला, साडेतीन टक्के. म्हणून एल साइजची लांबी 71 ऐवजी 73 मागवली, धुतल्यावर ती साडेसत्तरच्या आसपास बसते. काउंटरवरच्या सहा जणांना पीसी, कापडाच्या कॉलरचे.

लाटा आलेला पहिला सुती नमुनाही मी फेकून दिला नाही. कॉलर कोमट पाण्यात भिजवली, टॉवेलवर सपाट ठेवून बोटांनी रिबा एकमेकींजवळ सरकवल्या, आणि तशीच आडवी वाळवली. 42.6 ची कड 41.3 वर आली. पूर्ण नाही, पण घालण्याजोगी झाली. पीसीच्या टोकांना मात्र हा उपाय लागू पडला नाही, आटलेली रेघ परत लांब होत नाही. इस्त्रीवाल्याला आता एवढंच सांगितलं आहे: टोकाकडून मध्याकडे इस्त्री न्यायची, आणि टोकं ओढायची नाहीत.