दुकानातला क्यूआर, दहा महिन्यांनंतर: पैसे येतात, पण पुढे जातात का?

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, उचगाव फाट्याच्या पुढे आमचं किराणा दुकान आहे. बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र, त्यामुळे गिऱ्हाईक दोन्हीकडचं. मार्च २०२५ मध्ये मी काउंटरवर क्यूआर लावला आणि पैसे आले की बोलणारा डबा घेतला. आमच्याकडे उशिराच आला म्हणायचं. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्येच देशभरातले महिन्याचे व्यवहार १००० कोटींवर गेले होते. एवढं मोठं जाळं आधीच तयार आहे, तर आपल्याला पहिल्या दिवसापासून फायदा होईल, असं मी धरून चालले होते.

तसं झालं नाही. पहिले दोन महिने मला नुकसानच झालं, आणि त्याचं कारण कळायला वेळ लागला.

तेव्हा दिवसाची विक्री सहा हजारांच्या आसपास. त्यातले दीडेक हजार स्कॅन करून यायचे, बाकी रोख. सकाळी माझ्याकडून जाणारे पैसे असे: दूधवाल्याला १४००, पाव-बिस्किटवाल्याला ९००, भाजीवाल्या मावशींना ५००. तिघांनाही रोखच हवी. गल्ल्यातली रोख त्यात जायची, शिवाय महिन्याकाठी बेळगावच्या रविवार पेठेतून माल उचलायचा तो वेगळा. खात्यात मात्र पैसे साचत राहायचे. ते काढायला दर चार दिवसांनी दुकान बंद करून हिंडलग्याला एटीएमवर जावं लागे. म्हणजे जितकी जास्त गिऱ्हाइकं स्कॅन करणार, तितकी माझी सकाळ जास्त अडणार. देशातले सगळे जण यूपीआयवर असून मला काय उपयोग, माझा दूधवाला नव्हता ना.

हे जाळ्याचं गणित मला माझ्या पुतण्याने वहीवर मांडून दाखवलं. पाच माणसं असली तर त्यांच्यात दोघांदोघांच्या १० जोड्या होतात. सहावं माणूस आलं की १५, आणि वीस माणसांत १९०. म्हणून असं ॲप माणसांपेक्षा कितीतरी वेगाने उपयोगी होत जातं, असं तो म्हणाला. हिशेब बरोबर आहे, पण दुकानदाराच्या कामाचा अर्धाच. त्या १९० जोड्यांतल्या बहुतेकांचा एकमेकांशी पैशाचा व्यवहारच नसतो. माझा रोजचा संबंध चाळीसेक गिऱ्हाइकांशी आणि सहा-सात माल देणाऱ्यांशी. त्या सहा-सातांतला एक जण आला, तर अनोळखी हजार जण येण्यापेक्षा मला जास्त फरक पडतो.

जूनमध्ये तसंच झालं. दूधवाले काका एक दिवस म्हणाले, “वैनी, आता मोबाईलवरच पाठवा, चालतंय.” मी तीन महिने मागे लागून जे झालं नव्हतं, ते त्यांच्या पेंडवाल्याने केलं होतं. पेंडवाला स्वतः पुढच्या ठोक दुकानदाराला मोबाईलवर पैसे द्यायला लागला होता, त्यामुळे त्याला गिऱ्हाइकांकडूनही तसेच घ्यायचे होते. काकांना पेंडीचे पैसे मोबाईलवरून देता आले, तेव्हाच माझे मोबाईलवर घेणं परवडलं. पाववाला त्यानंतर महिन्याभरात आला. सप्टेंबरमध्ये माझ्या खात्यात रोज साडेतीन हजार येत होते आणि त्यातले २३०० दुसऱ्या दिवशी सकाळी तसेच पुढे जात होते. एटीएमची फेरी महिन्यातून एकदा उरली. स्कॅन करणारी गिऱ्हाइकं दुपटीने वाढली, पण माझा ताप गेला तो दोन माणसांमुळे.

दुसरा अनुभव डब्याच्या कंपनीचा. ऑगस्टमध्ये भाडं वाढल्यावर मी ती कंपनी सोडली, दुसरीचा क्यूआर चिकटवला. मनात धाकधूक होती की जुनी गिऱ्हाइकं अडतील. एकालाही फरक कळला नाही. चंदगडकडून येणारी मंडळी आपल्या महाराष्ट्रातल्या खात्यावरून, आपल्याला हवं ते ॲप उघडून, नव्या क्यूआरवर पैसे टाकून गेली. हे इतकं सोपं का, ते जुनं आठवलं की कळतं. नोटाबंदीच्या सुमारास मोबाईलमधली जी पाकिटं होती, त्यांत देणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे एकच पाकीट लागायचं. तेव्हा पाकीट बदललं असतं तर गिऱ्हाईकही मागे सुटलं असतं. यूपीआयमध्ये जाळं सगळ्या बँकांचं मिळून एक आहे आणि ॲप हा त्यात शिरायचा नुसता दरवाजा. म्हणून नवीन दुकानदाराला मी सांगते, कंपनी निवडताना डब्याचं भाडं आणि पैसे खात्यात कधी पडतात एवढंच बघा. गिऱ्हाईक कोणत्या ॲपचं, याची काळजी करू नका.

शेतमाल विकायच्या एका ॲपवर मात्र हे अजिबात जमलं नाही. आमच्या दिरांची रताळी असतात. त्या ॲपवर लाखो लोक आहेत म्हणून फोटो टाकला, भाव टाकला. पंधरा दिवसांत अकरा फोन आले, बहुतेक पुणे आणि बेंगळुरूहून, आणि वाहतुकीचा विषय निघाला की बोलणं संपायचं. पैसा क्षणात शिनोळीहून बाचीला येतो, बेंगळुरूहूनही येतो, म्हणून पैशाच्या जाळ्यात देशभरची गर्दी उपयोगी. रताळ्याचं पोतं तसं जात नाही. तिथे वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतले घेणारे किती, एवढाच आकडा खरा. ते दोन-चारच होते, त्यामुळे विकणारेही टिकले नाहीत, आणि विकणारे नाहीत म्हणून घेणारेही परत आले नाहीत. शेवटी माल नेहमीप्रमाणे बेळगावच्या बाजार समितीत गेला. अशा ॲपची परीक्षा घ्यायची तर एकूण सभासद बघू नका. आपल्या पिकाचं नाव टाकून आपल्या तालुक्यापुरतं शोधा आणि शेवटची जाहिरात किती दिवसांपूर्वीची आहे ते बघा.

जाळं उलटंही फिरतं, हे जुलैत कळलं. यूपीआयवरच्या जमेवरून कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत लोकांनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. मालाची वर्षाची विक्री ४० लाखांवर गेली तर नोंदणी लागते. आमच्या भाजीवाल्या मावशी त्याच्या जवळपासही नाहीत, त्यांच्या भाजीवर तर जीएसटीच नाही. पण त्यांनी नुकताच घेतलेला क्यूआर भीतीने पिशवीत घातला. लगेच माझे सकाळचे पाचशे पुन्हा रोख झाले, आणि त्यांच्याकडून भाजी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बायका त्या दिवसांत माझ्याकडेही नोटच पुढे करायला लागल्या. एक जण बाहेर पडला की त्याच्या आजूबाजूच्यांचा उपयोगही कमी होतो. मावशींचा क्यूआर अजून पिशवीतच आहे.

आणखी एक गोष्ट पावसाळ्यात जाणवली. टॉवर बंद पडला की सगळ्यांचं एकदम अडतं, आणि आता कुणाच्या खिशात सुट्टे नसतात. पूर्वी गिऱ्हाइकांच्याच नाण्यांवर माझा गल्ला चालायचा. आता मी बँकेतून हजार रुपयांची दहा-वीसची सुट्टी आणून वेगळ्या डब्यात ठेवते, आणि ओळखीच्यांची उधारी त्या दिवशी वहीत लिहिते. रेंज आली की बहुतेक जण घरी बसूनच पैसे टाकतात, आणि डबा बोलला की मी वहीतलं ते नाव खोडते.