‘फुटाळा’ की ‘फुटाळ्याकाठचा खून’: एकाच कादंबरीचे दोन आराखडे

धरमपेठेत राहणाऱ्या माझ्या एका मित्राची पहिली रहस्यकादंबरी लिहून पूर्ण झाली असून, ती ॲमेझॉनच्या किंडलवर स्वतः प्रकाशित करण्यापूर्वी त्याने शीर्षक, वर्ग आणि शोधशब्द या माहितीचे दोन आराखडे माझ्यापुढे ठेवले.

पहिल्यात शीर्षक ‘फुटाळा’ एवढेच होते आणि उपशीर्षक ‘नागपूरची थरारक, रहस्यमय, बेस्टसेलर मराठी कादंबरी’ असे होते. दुसऱ्यात शीर्षक ‘फुटाळ्याकाठचा खून’ आणि उपशीर्षक ‘नागपूर पोलिसांची एक तपासकथा’. ‘फुटाळा’ हे नाव मला मनापासून आवडते. मात्र नागपूरकराला या शब्दासरशी तलाव दिसतो, तर कोल्हापूरच्या वाचकाला पुस्तक कशाचे आहे याचा पत्ताही लागत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी उपशीर्षकात शोधशब्द कोंबणे हा उपाय नव्हे, कारण तेथे मुखपृष्ठावरचेच शब्द असावेत असा नियम आहे आणि ‘बेस्टसेलर’सारखा दावा तर चालतच नाही. शीर्षक आणि उपशीर्षक मिळून 200 अक्षरांची मुभा असली, तरी मोबाइलवरच्या यादीत त्यातले सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात. त्यामुळे येथे माझा कौल दुसऱ्या आराखड्याला आहे.

वर्गवारीबाबत थोडक्यात सांगतो. तीन वर्ग निवडता येतात. पहिल्या आराखड्यात तिन्ही जागा सर्वसाधारण साहित्याच्या मोठ्या वर्गांना दिल्या होत्या, जेथे नवे पुस्तक गर्दीत बुडते. दुसऱ्यात पोलीस तपास आणि गुन्हेकथा हे नेमके उपवर्ग होते.

खरा फरक पडतो तो शोधशब्दांत. त्यांचे रकाने सात असून प्रत्येकात 50 अक्षरे मावतात. पहिल्यात ‘कादंबरी’, ‘पुस्तक’ असे सुटे शब्द आणि एका लोकप्रिय लेखकाचे नाव होते. दुसऱ्या लेखकाचे नाव वापरण्यास मनाई आहे, आणि ‘खून’ किंवा ‘नागपूर’ हे शब्द शीर्षक-उपशीर्षकात आलेच असल्याने ते पुन्हा लिहिण्यात एक जागा फुकट जाते. दुसऱ्यात वाचक टाइप करतो तशी पदे होती. फक्त ती सगळी देवनागरीत होती, आणि हीच त्या आराखड्यातली त्रुटी. मोबाइलवर मराठी पुस्तक शोधणारे अनेकजण रोमन लिपीत लिहितात, म्हणून आम्ही तीन रकाने असे बदलले:

```
marathi rahasya katha
marathi suspense kadambari
marathi detective novel
```

उरलेल्या चार रकान्यांत ‘मराठी गुप्तहेर कथा’, ‘विदर्भातील गुन्हेकथा’ यांसारखी देवनागरी पदे ठेवली. प्रत्येक पद आधी किंडलच्या दुकानाच्या शोधचौकटीत टाइप करून पाहिले: खाली सूचना उमटते का आणि येणारी पुस्तके आपल्या जातकुळीची आहेत का, एवढेच तपासले. ‘marathi katha’ या पदाला बालकथा आणि पोथ्या येऊ लागल्या, म्हणून ते वगळले.

शोधशब्द प्रकाशनानंतरही बदलता येतात. बदल दुकानात दिसायला 72 तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा एका वेळी एकच रकाना बदलून पाहावा. मुखपृष्ठावर छापलेले नाव मात्र वाचकाच्या तोंडी बसते, आणि नंतर ते बदलायचे म्हटले तर मुखपृष्ठही नव्याने करावे लागते. म्हणून मित्राने उरलेला सगळा आठवडा केवळ शीर्षकाला दिला.