उष्ण आणि दमट हवेत कापडी लंगोट की डिस्पोजेबल डायपर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बाळ तान्हे असल्यापासून ते रांगू लागेपर्यंत आम्ही तीन प्रकार आलटून-पालटून वापरले : साधे सुती लंगोट, वर जलरोधक कव्हर आणि आत सरकवायचे इन्सर्ट असलेले पॉकेट डायपर, आणि वापरून टाकून देण्याचे डिस्पोजेबल डायपर. या काळात कडक उन्हाळाही आला आणि कपडे वाळत नाहीत असा पावसाळाही आला. माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा हवेत दिवसा घरी कव्हरविना पातळ सुती लंगोट आणि रात्री डिस्पोजेबल ही विभागणी सर्वांत सोयीची ठरली. दिसायला सर्वांत देखणे असलेले पॉकेट डायपर मात्र सर्वांत कमी उपयोगी पडले.

पॉकेट डायपरचे बाहेरचे कापड पॉलिस्टरचे असते आणि त्याच्या आतल्या बाजूस पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेला असतो. हा थर लघवी बाहेर येऊ देत नाही, पण घामाची वाफही फारशी जाऊ देत नाही. कोरड्या, थंड हवेत हे चालून जाते. आमच्याकडे मात्र कंबरेच्या आणि मांडीच्या इलॅस्टिकखाली बारीक लाल घामोळे उठू लागले आणि ते अगदी इलॅस्टिकच्या रेषेवरच होते, डायपरच्या आतल्या भागात नव्हते. पुरळ लघवीमुळे आहे की घामामुळे, हे त्याच्या जागेवरून बऱ्यापैकी ओळखता येते.

खरी अडचण पुढे, वाळवण्यात आली. पॉकेट डायपरचा इन्सर्ट म्हणजे चार-पाच थर एकत्र शिवलेली जाड पट्टी. वरचा थर हाताला कोरडा लागतो, पण मधला भाग बराच वेळ ओला राहतो आणि ते कळत नाही. शंका आली म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक इन्सर्ट तोलून पाहिला. उन्हात दिवसभर वाळवलेल्या इन्सर्टचे वजन ६४ ग्रॅम भरले. तोच इन्सर्ट पावसाळ्यात घरातल्या दोरीवर रात्रभर आणि पुढचा दिवसभर राहिल्यानंतर, हाताला पूर्ण कोरडा लागत असताना, ८१ ग्रॅम भरला. कापूस हवेतला ओलावा शोषतो, त्यामुळे दमट दिवसांत त्याचे वजन थोडे वाढणारच. पण तेवढ्याने इतका फरक पडत नाही. उरलेले पाणी मधल्या थरांत होते. असा इन्सर्ट बाळाला बांधला की तो कमी शोषतो आणि लवकर गळतो, शिवाय त्वचेला पहिल्या मिनिटापासून ओलावा लागतो. यानंतर पावसाळ्यात प्रत्येक इन्सर्ट तोलूनच कपाटात ठेवायचा असा नेम केला, आणि तो पाळता येईना तेव्हा इन्सर्ट बाजूलाच ठेवले.

याउलट साधा लंगोट म्हणजे एकेरी विणीचे मोठे कापड असते. ते घडी घालून बांधले की जाड होते आणि धुताना उलगडले की पुन्हा एकपदरी होते. पंख्याखाली पसरले की पावसातही ते काही तासांत वाळते आणि मध्ये लपलेला ओला थर राहतच नाही. कव्हर नसल्यामुळे बाळाने लघवी केली की लगेच कळते आणि लगेच बदलता येते. खालचे दुपटेही भिजते, हे खरे आहे. कपड्यांचा ढीग वाढतो आणि घरात धुण्याला हाताशी कोणी नसेल तर हा मार्ग अवघड आहे, हेही सांगायला हवे.

धुण्याबाबत एक गोष्ट वासावरून शिकता येते. लंगोट वाळलेला असतानाच त्याला कुबट वास येत असेल, तर तो नीट वाळलेला नाही. अशा कापडावर पुढे काळे ठिपके पडतात, आणि ते बुरशीचे असतात. लंगोट कोरडा असताना वास नाही, पण बाळाने लघवी करताच डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास येत असेल, तर कापडात जुनी लघवी किंवा साबण साचला आहे. पहिल्या वासाला उपाय वाळवण्यात आहे, दुसऱ्याला धुण्यात. आम्ही आधी गार पाण्यात खळबळून, मग ६० अंश तापमानावर पुरेशी पावडर घालून धुतो आणि पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत खंगाळतो. कपडे मऊ करणारे द्रव वापरत नाही, कारण त्यांचा थर बसला की कापड पाणी शोषत नाही. ओले लंगोट बादलीत पाण्यात न ठेवता उघड्या टोपलीत टाकतो. उष्ण हवेत साचलेले पाणी लवकर सडते, आणि रांगणाऱ्या बाळाच्या घरात भरलेली बादली धोक्याची असते.

रात्रीसाठी मात्र डिस्पोजेबलला तोड नाही. त्यातली पावडर, म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट, लघवीचा घट्ट जेल करून धरून ठेवते आणि वरचा पदर बराच कोरडा राहतो. मागच्या पदरावर ‘हवा खेळती राहते’ असे लिहिलेले असते. त्या पदराला सूक्ष्म छिद्रे असतात हे खरे, पण बाहेरची हवाच वाफेने भरलेली असेल तर आतली वाफ बाहेर जाण्याचा वेग मंदावतो. डायपरवरची पिवळी रेघ निळी झाली नाही म्हणजे आत कोरडे आहे असेही नाही. ती रेघ लघवीची खूण दाखवते, घामाची नव्हे. म्हणून उन्हाळ्यात दिवसा डिस्पोजेबल घातलाच, तर रेघ कशीही असो, तीन तासांच्या आत काढतो आणि बाळाला थोडा वेळ मोकळे ठेवतो.

पुरळ दोन्ही प्रकारांत आले, पण एकसारखे नव्हते. पहिले नितंबांच्या फुगीर भागावर होते आणि जांघेच्या घड्या स्वच्छ होत्या. ते ओलाव्याचे आणि घासण्याचे होते. कोमट पाण्याने धुऊन, टिपून, मोकळे ठेवून आणि झिंक ऑक्साइडचे मलम लावून ते दोन दिवसांत ओसरले. पावसाळ्यातले दुसरे घड्यांमध्येच होते : गडद लाल, आणि कडेला सुटे बारीक ठिपके. तीन दिवस मलम लावूनही ते हटले नाही. डॉक्टरांनी पाहताच कँडिडा बुरशीचा संसर्ग असल्याचे सांगितले आणि बुरशीवरचे मलम दिले. ते लावत होतो तोवर फक्त डिस्पोजेबल वापरले आणि सगळे लंगोट गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकले.

झिंकचे मलम लावायचे असेल तेव्हा लंगोटाच्या आत जुन्या मलमलीचा एक तुकडा घालावा. मलम कापडात बसले की ते सहज निघत नाही. शंका असल्यास वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा : तो जिरण्याऐवजी गोळी होऊन वर बसला, तर तेवढ्या भागाला गरम पाण्यात साबण लावून चोळावे लागते.