रिलेला नाव काय द्यायचं? आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचं सोलापुरातलं घर जुन्या पद्धतीचं आहे. पुढे सोपा, मागे स्वयंपाकघर, कडेला आईची खोली आणि वर माडी. एप्रिलमध्ये सोपा, आईची खोली आणि माडी या तीन ठिकाणी चार-चार रिलेचे, म्हणजे वायफायवरून चालू-बंद होणाऱ्या स्विचचे, टास्मोटा हे सॉफ्टवेअर असलेले बोर्ड बसवले आणि सोप्यात व आईच्या खोलीत एकेक अलेक्सा स्पीकर ठेवला. वायरिंग दोन रविवारांत उरकलं. नावं आणि ग्रुप मात्र दिवाळीपर्यंत बदलत राहिलो, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

पहिली चूक मे महिन्यात कळली. आई रात्री झोपताना म्हणायची, "अलेक्सा, लाइट बंद करो." ट्यूब जायची आणि तिच्याबरोबर पंखाही थांबायचा. पारा ४२ अंशांच्या वर असताना सोलापुरात पंख्याशिवाय पाच मिनिटं काढणं अवघड. आईला वाटलं वीजच गेली, म्हणून ती पडून राहिली. सकाळी तिची घामाने भिजलेली उशी पाहिली आणि मी सगळं उघडून बसलो.

कारण सरळ होतं. मी टास्मोटामध्ये `Emulation 2` लावलं होतं. त्यात बोर्ड स्वतःला ह्यू ब्रिज, म्हणजे फिलिप्सच्या स्मार्ट दिव्यांचा नियंत्रक, म्हणवतो आणि त्यावरचा प्रत्येक रिले अलेक्साला दिवा म्हणून दिसतो. मग तो पंख्याचा असो की प्लगचा. स्पीकर आणि उपकरणं एकाच ग्रुपमध्ये असली की नुसतं "लाइट बंद करो" म्हणजे त्या ग्रुपमधले सगळे दिवे बंद, आणि अलेक्साच्या लेखी पंखा हाही दिवाच होता. तुमच्याकडे असंच होत असेल, तर ॲपमध्ये पंख्याचं चिन्ह पाहा. तिथे बल्ब दिसला की कारण सापडलं.

मग मी रस्ता बदलला. टास्मोटाचं इम्युलेशन बंद केलं (`Emulation 0`), रिले होम असिस्टंट या घरातली सगळी उपकरणं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणले आणि तिथून होम असिस्टंट क्लाउडमार्गे अलेक्साला दिले. तिथे रिले मुळात स्विच म्हणून येतो. 'Helpers'मध्ये 'Change device type of a switch' आहे, त्यातून ट्यूबच्या रिलेला Light आणि पंख्याच्या रिलेला Fan केलं. प्लग स्विचच ठेवला. पंखा नुसता चालू-बंदच होतो, वेग भिंतीवरच्या रेग्युलेटरवरच आहे, पण "लाइट बंद करो" म्हटलं की आता तो फिरत राहतो. मला तेवढंच हवं होतं.

इथे एक अडचण येते. जुन्या रस्त्याने आलेली उपकरणं अलेक्सा ॲपमधून आपोआप जात नाहीत. ट्यूब दोनदा दिसायला लागली आणि स्पीकर विचारू लागला की या नावाची एकापेक्षा जास्त उपकरणं आहेत, कोणतं हवं. जुनी नावं एकेक करून हाताने काढली, तेव्हा ते थांबलं.

आता नावांकडे येतो. सुरुवातीला मी रिलेंना 'Light 1', 'Light 2' अशी नावं दिली होती. बोर्डावर वायर जोडताना ते सोयीचं वाटतं, पण बोलणाऱ्याच्या कामाचं नाही. 'लाइट टू' म्हटलं की स्पीकरला त्यातला टू आकडा आहे की 'टू फिफ्टी परसेंट'मधला टू, हे नीट कळायचं नाही. नंतर 'Sopa Light' ठेवलं, तर आणखी घोळ. 'सोपा लाइट' म्हणजे ते एकच उपकरण की सोपा ग्रुपमधले सगळे दिवे? कधी एक लागायचा, कधी सगळे. शेवटी दिव्याच्या नावातून 'लाइट' हा शब्दच काढून टाकला. मग सोप्यात 'Sopa Tube' आणि 'Night Bulb' अशी नावं ठेवली. 'लाइट' म्हटलं की खोलीतले सगळे, 'ट्यूब' म्हटलं की फक्त ट्यूब.

अलेक्साला मराठी येत नाही. आई तिच्याशी हिंदीत बोलते, सोलापुरात ते कुणाला जड जात नाही. पण 'सोपा' हा शब्द पंखा चालू असताना स्पीकरला बऱ्याचदा 'सोफा' ऐकू यायचा. मी ग्रुपला 'Hall' नाव देऊन पाहिलं, तर आईच्या तोंडी हॉल बसेना. मग लक्षात आलं की सोप्यातला स्पीकर सोप्याच्याच ग्रुपमध्ये आहे, त्यामुळे तिथे बसून खोलीचं नाव घ्यायची गरजच नाही. आई नुसतं "लाइट चालू करो" म्हणते. खोलीचं नाव मला लागतं, माडीवरून खालचं बंद करायचं असतं तेव्हा, आणि माझ्या तोंडी हॉल चालतो. ट्यूबही मग 'Hall Tube' केली. एक स्पीकर एकाच ग्रुपमध्ये राहू शकतो, दिवा मात्र एकापेक्षा जास्त ग्रुपमध्ये चालतो, हे इथे उपयोगी पडलं.

सगळ्यात गंभीर प्रकार मोटरचा. नळाला पाणी रोज येत नाही. आलं की हौद भरून घ्यायचा आणि मग मोटरने वरच्या टाकीत चढवायचं. मोटरचा कॉन्टॅक्टर माडीच्या बोर्डातल्या चौथ्या रिलेवर आहे. बोर्ड माडीचा, म्हणून मी चारही रिले 'Madi' ग्रुपमध्ये टाकले होते. ऑगस्टमध्ये भाची आली होती. तिने वर जाताना "अलेक्सा, माडी ऑन करो" म्हटलं. ग्रुपचं नुसतं नाव घेतलं की त्यातलं सगळं चालू होतं, दिवा असो वा मोटर. हौदात वीतभर पाणी होतं. वीसेक मिनिटांनी मोटरचा आवाज बारीक आणि किणकिणता झाला, म्हणून खाली धावलो, तर पंपाच्या अंगाला हात लावता येत नव्हता. सील गेलं होतं. मेकॅनिकने बदलून दिलं.

त्या दिवशी मोटर अलेक्सातून काढली. होम असिस्टंटमध्ये Settings, मग Voice assistants, मग Expose इथे तिचं बटण बंद केलं. 'Expose new entities' हेही बंद ठेवलं, म्हणजे पुढे जोडलेला रिले मला न विचारता आवाजाच्या हाती जाणार नाही. शिवाय बोर्डातच दोन गोष्टी बसवल्या:

```
PulseTime4 1900
PowerOnState 0
```

पहिल्या ओळीने चौथा रिले ३० मिनिटांनी स्वतःच बंद होतो. इथे आकड्यातून १०० वजा करायचे, उरतात ते सेकंद, म्हणजे १८००. आमची वरची टाकी पंचवीस मिनिटांत भरते, म्हणून एवढं ठेवलं. दुसऱ्या ओळीमुळे वीज जाऊन आली तरी रिले बंदच राहतात. आधीच्या स्थितीत परत येणं हे टास्मोटाचं मूळ वळण आहे, आणि चालू असताना वीज गेलेली मोटर मध्यरात्री वीज आल्यावर पुन्हा सुरू होणं मला नको होतं. `PowerOnState` अख्ख्या बोर्डाला लागू होतं, त्यामुळे माडीची ट्यूबही वीज आल्यावर बंदच राहते. ते चालतं.

आता 'Madi' ग्रुपमध्ये फक्त ट्यूब, पंखा आणि गच्चीचा बल्ब आहे. बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय. त्यावर रिले नंबर, त्याला काय जोडलंय, बोलायचं नाव, आणि चौथ्यापुढे लाल पेनाने 'आवाजाला द्यायचा नाही' असं लिहिलंय. इंटरनेट बंद असलं की आवाजाचं सगळंच थांबतं, पण भिंतीवरची बटणं थेट बोर्डाला जोडलेली असल्याने दिवे-पंखे तेव्हाही चालतात.

स्वयंपाकघराचा बोर्ड पुढच्या महिन्यात बसेल. तिथे स्पीकर ठेवणार नाही, फोडणीच्या आवाजात त्याला ऐकू येणार नाही. ओट्यावरच्या दिव्याला काय नाव द्यायचं ते आईला विचारलं. ती म्हणाली, "ओटा." स्पीकर ते कसं ऐकतो ते सोप्यात पंखा चालू ठेवून दहादा म्हणून पाहायचं बाकी आहे.