वायर काढलेला फोटो आणि उलटे बनवलेले नमुने

‘सेल्फीतले इअरफोन काढून मिळतील, मान आणि केस अगदी नॅचरल’ अशी जाहिरात करणाऱ्या सोशल मीडियावरच्या एका पानाने आम्हाला फसवलं. रक्कम फार मोठी नाही, एकूण 2,000 रुपये. पण ज्यांना असं काम करून घ्यायचं असतं ती बरीचशी माणसं दुःखात आणि घाईत असतात, आणि या लोकांचा धंदा नेमका त्या घाईवर चालतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

मावशी गेली. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. लग्नाकार्यातले तिचे फोटो सगळे घोळक्यातले, कुठे डोळे मिटलेले, कुठे हातात ताट. एकटीचा, हसरा, अलीकडचा असा एकच फोटो सापडला. सकाळी फिरायला गेली असताना स्वतःच काढलेला सेल्फी. कानात पांढऱ्या इअरफोनचं बोंडूक, तिथून वायर मानेवरून खाली, मंगळसूत्रावरून पदरात गेलेली. दुसरा कान केसांआड. मावसभाऊ म्हणाला, "फोटो हाच लावायचा, फक्त ती वायर काढून घे कुठून तरी."

त्या पानावरचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे नमुने पाहून कोणीही भुललं असतं. आधीच्या फोटोत वायर, नंतरच्या फोटोत स्वच्छ मान, एक-एक केस सुटा. मेसेज केला तर लगेच उत्तर आलं. सगळं काम हाताने होईल, 1,500 रुपये, त्यातले 800 आगाऊ. फोटो इथेच चॅटवर टाका म्हणाले. टाकला, पैसे पाठवले.

संध्याकाळी मधोमध पानाचं नाव छापलेली लहानशी प्रत आली. मोबाइलच्या स्क्रीनवर ठीक दिसत होती. उरलेले 700 दिल्यावर नाव काढलेली फाइल आली, ती लॅपटॉपवर मूळ आकारात उघडली आणि पहिल्यांदा कानाकडे लक्ष गेलं. बोंडूक गेलं होतं, पण त्याबरोबर कानाचं भोकही गेलं होतं. भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो तोही नाही. सपाट कातडी, तिला कानाची बाह्यरेषा. मानेवरची वायर पुसली होती, पण तिची सावली तशीच राहिलेली, जबड्याखालून निघून कुठेच न जाणारी एक करडी रेघ. मंगळसूत्राचे काळे मणी वायर जिथून गेली होती तिथे एकमेकांत वितळलेले. कानामागचे केस तर फडक्याने ओली शाई पुसावी तसे फासलेले.

तक्रार केली. उत्तर आलं, "सर, हा प्रिव्ह्यू आहे, एचडी फाइलमध्ये सगळं क्लिअर दिसेल. एचडीचे 500 वेगळे." दिवस थोडे होते, भावाने भरले. एचडी फाइलमध्ये कानाला भोक आलं होतं, पण कान मावशीचा नव्हता. मावशी कुडी घालायची. या कानाची पाळी बारीक, कोरी, टोचलेलीसुद्धा नाही. कुणाचा तरी कान आणून चिकटवलेला. हे कळवलं आणि त्यानंतर आमचा नंबर ब्लॉक.

शेवटी काम केलं आमच्याच पेठेतल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांनी. लग्नाचे अल्बम करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांच्या शेजारी बसून मी जे पाहिलं ते सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण खरं काम कसं होतं ते एकदा पाहिलं की खोटं आपोआप ओळखू येतं.

त्यांनी आधी ती ‘एचडी’ फाइल तपासली. 3600 बाय 4800 पिक्सेल. मग मी चॅटवर पाठवलेली प्रत पाहिली, 1200 बाय 1600. "बरोबर तिप्पट," काका हसले. "नुसती ताणलीय हो. एचडी कसली?" चॅटवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आपोआप लहान होतो. मावशीच्या फोनमधली मूळ फाइल 2448 बाय 3264 ची होती, 12 बाय 16 इंचाच्या फ्रेमला पुरेशी. ती पानवाल्याने कधी मागितलीच नाही. काकांनी पहिलं वाक्य तेच उच्चारलं होतं, "ओरिजिनल आणा, आणि चॅटवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा." जो माणूस मूळ फाइल मागत नाही, त्याला कातडीचा पोत आणि केसांची धार जपायचीच नाहीये, असं खुशाल समजा.

दुसरी गोष्ट त्यांनी मागितली ती कानाचा फोटो. बोंडकाने झाकलेला कान फोटोत नाहीच, तो पुसून मिळणार कुठून? तो त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या फोटोतून आणावा लागतो. इथे एक गंमत झाली. मी मोठ्या उत्साहाने सेल्फीत जो कान दिसत होता त्याच बाजूचा कान असलेला साखरपुड्यातला फोटो दिला. काकांनी सेल्फीतली चमकी दाखवली. मावशीची चमकी डाव्या नाकपुडीत, म्हणजे समोरून काढलेल्या फोटोत ती आपल्या उजव्या हाताला दिसायला हवी. सेल्फीत ती डावीकडे होती. पुढच्या कॅमेऱ्याने फोटो आरशासारखा उलटा साठवला होता. म्हणजे आपल्याला दिसतोय तो कान डावा, आणि मी दिलेला उजवा. मग बारशातला एक फोटो सापडला, त्यात डावा कान कुडीसकट दिसत होता. तो आडवा उलटवून, आकार आणि कल जुळवून त्यांनी बसवला. उलटवल्यावर उजेड कुठल्या बाजूने पडतोय तेही त्यांनी पाहिलं. बारशाचा फोटो घरातल्या ट्यूबलाइटमधला, सेल्फी सकाळच्या उन्हातला, त्यामुळे कानाच्या वरच्या कडेला थोडा पिवळसर उजेड वेगळा द्यावा लागला.

मानेचं काम त्यांनी फोटोशॉपमध्ये मूळ फोटोला हात न लावता वरच्या रिकाम्या लेयरवर केलं. टूलच्या पट्टीवर Sample समोर Current & Below निवडलं, म्हणजे खालच्या फोटोतली कातडी उचलायची आणि वरच्या लेयरवर ठेवायची. कातडीच्या मधल्या भागात हीलिंग ब्रश, कारण तो पोत उचलतो आणि रंग आजूबाजूशी जुळवतो. पण हाच गुण काठावर घात करतो. केसांपाशी किंवा काळ्या मण्यांपाशी तो नेला की काळा रंग ओढून कातडीवर डाग पाडतो. तिथे क्लोन स्टॅम्प, जसंच्या तसं उचलून ठेवणारा. आमच्या पहिल्या फाइलमधले वितळलेले मणी असेच झाले असणार, एकच पुसायचं बटण सगळीकडे फिरवल्याने.

वायर काढताना काका तिच्याबरोबर तिची सावलीही काढत होते, आणि ती वायरीपेक्षा रुंद आणि पसरट असते हे मला तेव्हाच कळलं. मानेवर दोन आडव्या वळ्या होत्या, वयामुळे पडलेल्या. वायर त्या दोन्ही ओलांडत होती. त्या दोन्ही वळ्या त्यांनी अलीकडून पलीकडे नीट जोडल्या. "या घालवल्या तर मान तिशीतल्या बाईची होईल, मग चेहरा आणि मान वेगवेगळे दिसतील," असं त्यांचं म्हणणं. मणी मंगळसूत्राच्याच दुसऱ्या भागातून एक-एक उचलून बसवले, आणि लागोपाठ एकाच मण्याची नक्कल न करता वेगवेगळे घेतले. एकाच ठिकाणाहून उचललं की तोच चकाकणारा ठिपका ओळीने दिसतो.

सगळ्यात जास्त वेळ केसांनी खाल्ला. वायर कानामागच्या बटेतून बाहेर येत होती. त्यांनी वेणीच्या जवळची एक बट कॉपी केली, वार्पने वाकवली, मास्कने तिची कड सौम्य केली. एवढ्यावर केस बसतात, पण त्यांची टोकं बोथट दिसतात. मग पेन टूलने बारीक वळणदार रेघा काढून त्यांवर दोन-तीन पिक्सेलचा ब्रश Stroke Path ने चालवला, ब्रशच्या Shape Dynamics मध्ये Size च्या Control ला Pen Pressure ठेवून आणि Simulate Pressure ची खूण करून, म्हणजे रेघ दोन्ही टोकांना निमुळती होते. रंग एकच नाही. गडद, मधला, आणि मावशीचे होते तसे काही पांढरे. ते पांढरे केस त्यांनी मुद्दाम मोजकेच आणि वेडेवाकडे टाकले. शेवटी दुरुस्त केलेल्या भागावर थोडा नॉइज, कारण फोनच्या फोटोत मुळातच बारीक दाणा असतो आणि नवीन भाग त्यावाचून मेणासारखा दिसतो.

मग मी काकांना त्या पानावरचे नमुने दाखवले. इतकं सफाईदार काम करणाऱ्यांनी आमचं असं का केलं, हे मला उमगत नव्हतं. त्यांनी ‘आधी’चा फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "अहो, हे उलटं केलंय. फोटो मुळातच बिनवायरचा आहे. वायर नंतर चिकटवलीय." वायरीला मानेवर सावली नव्हती. एकही केस वायरीवरून गेला नव्हता; खऱ्या फोटोत दोन-चार केस वायरीच्या वर येतातच. बोंडूक कानात रुतलेलं नव्हतं, नुसतं वर ठेवलेलं. आणि त्यांच्या तीन नमुन्यांतल्या तीन बायकांच्या गळ्यात तीच वायर होती, त्याच ठिकाणी तसाच पीळ पडलेली.

स्वच्छ फोटोवर वायर चिकटवणं दहा मिनिटांचं काम. त्यालाच ‘आधी’ म्हणायचं आणि मूळ फोटोला ‘नंतर’. या युक्तीत ‘नंतर’ कधीच वाईट दिसू शकत नाही, कारण त्याला कोणी हातच लावलेला नसतो. म्हणून कुणाचे नमुने पाहाल तेव्हा ‘नंतर’च्या फोटोवर खूश होत बसू नका, ‘आधी’चा फोटो मोठा करून सावली आणि केस बघा. आणि पूर्ण पैसे देण्याआधी आपल्याच फोटोतला कानाचा आणि मानेचा तुकडा मूळ आकारात मागा, जमल्यास लेयर उघडे असलेल्या स्क्रीनचा फोटोही. काकांच्या फाइलमध्ये कान, मान, मणी, केस असे वेगवेगळे लेयर होते. पुसायचं बटण दाबणाऱ्याकडे ते नसतात.

काकांनी आणखी एक बजावलं, तेही सांगतो. झाकलेल्या कानाचा दुसरा फोटोच नसेल तर प्रामाणिक माणूस तसं तोंडावर सांगतो, आणि केस थोडे पुढे घेऊन कान झाकायचा पर्याय देतो. "कान बनवून देतो" म्हणणारा कुणाचा तरी कान आणणार.

तक्रार cybercrime.gov.in वर केली आहे. 1930 वर फोन पैसे गेल्याबरोबर करायला हवा, कारण रक्कम पुढे सरकायच्या आत थांबवता आली तर आलीच. तक्रारीत यूपीआयचा व्यवहार क्रमांक लागतो, आणि चॅटचे, पानाचे, नमुन्यांचे स्क्रीनशॉट. ते ब्लॉक होण्याच्या आधीच काढून ठेवा, कारण आमच्या बाबतीत पानाचं नाव दोनदा बदललं आणि जुन्या नावाने शोधलं तर आता काहीच सापडत नाही. पैसे अजून आलेले नाहीत.